बेरोजगारी: मागणी आटली म्हणून, की वेतन उतरलं नाही म्हणून?

अर्थशास्त्राच्या परीक्षेत या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी वेळा दोन भागांत लिहिलं. आधी वेतन न उतरल्याला दोष देणारे सनातनवादी अर्थतज्ज्ञ, मग मागणी आटल्याला दोष देणारा अर्थतज्ज्ञ केन्स आणि शेवटी ‘दोन्हींत तथ्य आहे’. गुण बेताचेच मिळायचे. पुढे स्वतः उत्तरपत्रिका तपासायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की अशा उत्तरात तुलना नसतेच, दोन टिपा एकाखाली एक असतात. तुलना करायची तर दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागतो. मी आधी हा विचारतो: वेतन उतरलं तर बेकाराला काम मिळेल का?

बाजार आपोआप समतोलाला येतो असं मानणारे सनातनवादी ‘हो’ म्हणतात. वास्तव वेतन समतोलापेक्षा वर अडकलंय, ते उतरू द्या. आकृतीत हे चोख बसतं. पण केन्स म्हणतो, मजूर वेतन मान्य करतो ते पैशांत, आणि त्याची खरी किंमत वस्तूंच्या भावावर ठरते. समजा वेतन 500 आणि वस्तूचा भाव 50 आहे, म्हणजे वास्तव वेतन 10 नग. सगळीकडेच वेतन 400 वर आलं, तर उत्पादनखर्च उतरतो आणि मजुरांच्या हातातला पैसाही कमी होतो. त्यामुळे भाव 40 वर घसरला, तर वास्तव वेतन पुन्हा 10 नगच. मजुराने कपात सोसली आणि रोजगार जागचा हलला नाही. उलट जुनी कर्जं तेवढ्याच रकमेची राहतात, त्यामुळे कर्जदाराला ती जड होतात आणि तो खर्च आणखी आवरतो.

1929 ते 1933 दरम्यान अमेरिकेत साधारण असंच झालं. कारखान्यांतलं ताशी वेतन सुमारे एक पंचमांश उतरलं, ग्राहकोपयोगी वस्तूंचे भाव सुमारे एक चतुर्थांश, आणि बेरोजगारी 25 टक्क्यांच्या आसपास गेली. यावर दुसरी बाजू म्हणेल, ‘बघा, वास्तव वेतन उतरलंच नाही, हेच आमचं म्हणणं.’ हा मुद्दा टाळू नका, उत्तरात लिहा. मात्र वास्तव वेतनच मुख्य अडचण असती, तर वस्तू कमी पडून भाव चढले असते. इथे माल पडून होता आणि भाव कोसळत होते. केन्सच्या 1936 च्या पुस्तकात वेतनकपातीवर स्वतंत्र प्रकरण आहे, तेही याच कारणासाठी. तरीही निम्म्या उत्तरपत्रिकांत ‘केन्सच्या मते वेतन ताठर असतं म्हणून बेरोजगारी’ एवढंच असतं, आणि मग दोन्ही मतांची आकृती एकच निघते.

तरी माझं मत ठरलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. समतोलवादाचं आधुनिक रूप लुकास आणि रॅपिंग या अर्थतज्ज्ञांनी 1969 मध्ये मांडलं. मजुराला आजचं वेतन नेहमीपेक्षा कमी वाटतं, म्हणून तो आज काम कमी करून पुढे जास्त करायचं ठरवतो. बेरोजगारी ही बरीचशी त्याचीच निवड. तर्क देखणा आहे, मलाही बराच काळ पटत होता. पण तसं असेल तर मंदीत लोकांनी आपणहून नोकऱ्या सोडायला हव्यात. घडतं उलटं. 2008-09 च्या मंदीत अमेरिकेत राजीनामे घटले आणि नोकरकपात वाढली. 2009 च्या मध्यावर एका रिकाम्या जागेमागे सहाहून जास्त बेकार होते. मी एका मंदीत नोकरी शोधली आहे. आमच्यातल्या कुणीही वेतनावरून जागा नाकारली नाही, नाकारायला जागाच नव्हती, आणि ज्यांची नोकरी टिकली होती ते ती घट्ट धरून बसले होते. हा काही पुरावा नाही, पण आकडे वाचताना ते चेहरे आठवतात.

याचा अर्थ समतोलवाद सोडून द्यावा असा नाही. 1970 च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर पश्चिम युरोपात वास्तव वेतन उत्पादकतेच्या मानाने जास्त होतं, असं स्पष्टीकरण मला पुष्कळ अंशी पटतं. फ्रेंच अर्थतज्ज्ञ मालँव्होने 1977 मध्ये बेरोजगारीचे दोन्ही प्रकार एकाच चौकटीत बसवले, आणि उत्तरासाठी त्याची कसोटी फार उपयोगी आहे. उद्योजकाला विचारा, माणसं का घेत नाहीस? ‘माल खपत नाही’ म्हणाला तर केन्सची बेरोजगारी. ‘खपेल, पण या वेतनात परवडत नाही’ म्हणाला तर सनातन प्रकारची. पहिल्यात सरकारी खर्च उपयोगी पडतो. दुसऱ्यात त्याने मुख्यतः भाव वाढतात.

म्हणून मी उत्तराची सुरुवात या कसोटीने करतो, मग वेतनकपातीचं उदाहरण आणि त्यानंतर राजीनामे. प्रश्नात कोणता काळ दिलाय ते आधी पाहावं. काळ दिला नसेल आणि प्रश्न मंदीतल्या बेरोजगारीचा असेल, तर मी मागणीच्या बाजूने लिहितो आणि 1970 चं दशक अपवाद म्हणून मांडतो.