पुण्याचा गॅरंटीवाला व्हीएमसी कोर्स की बेळगावातला साधा क्लास?

डिप्लोमा झाला की आपल्या खानापूर-निपाणी-चिकोडी भागातल्या पोरांसमोर हा प्रश्न येतोच, मी पण दोन्हीकडे फिरून आलोय. पुण्याचा क्लास 6 महिन्यांचा, फी 72,000, त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की जवळपास 85,000, आणि 100 टक्के प्लेसमेंट गॅरंटी. बेळगावातला 4 महिन्यांचा, 28,000, गॅरंटी काही नाही, सर एवढंच म्हणाले की उद्यमबागेत ओळखी आहेत, पोरगं चांगलं असलं तर शब्द टाकतो.

शिकवण्यात पुणं सरस आहे हे मान्य करायला हवं. तिथं मशीन जास्त, त्यामुळे हातात काम लवकर येतं. बेळगावात एकच व्हीएमसी, 14 जणांत पाळी लावायची, ऑफसेट घ्यायला मिळायचा तो आठवड्यातून दोनदाच.

पण माझं मन फिरलं ते हायरिंग पार्टनरवरनं. पुण्याच्या ऑफिसात भिंतभर कंपन्यांचे लोगो, बहुतेक चाकणच्या. मी मागच्या बॅचच्या पोरांचे नंबर मागितले तर तीन दिले, त्यातला एक तर त्याच क्लासात ट्रेनर म्हणून लागलेला, म्हणजे तो पण प्लेस झालेल्यांत मोजलेला. बॅचला एकूण किती होते, हे तीनदा विचारलं, तीनदा "एलिजिबल पोरांपैकी सगळे" असंच उत्तर. आता एलिजिबल कोण, तर फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं, हजेरी 90 टक्के आणि एक जरी इंटरव्ह्यू नाकारला तरी गॅरंटी संपली.

दुसरा पोरगा निपाणीकडचा निघाला, मोकळा बोलला. ऑफर 18,000 ची, लोगोवाल्या कंपनीतच काम करतो म्हणाला. मी म्हटलं छान की. तर म्हणाला, "भावा, सॅलरी स्लिप पाठवतो, वरचं नाव बघ." बघितलं तर नाव कंपनीचं नाहीच, कुठल्यातरी लेबर कॉन्ट्रॅक्टरचं. पीएफ पासबुकातही तेच नाव. रोज कंपनीच्या गेटातनं आत जातो पण कंपनीच्या कागदावर तो नाहीच, काम कमी झालं की पहिल्यांदा हीच पोरं घरी. 18,000 पण सीटीसी होता, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ईएसआय धरलेला, मग स्वतःचा पीएफ, ईएसआय, 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स, बस-कँटीन कापून हातात 13,200 च्या आसपास. त्यात खोलीभाडं, मेस, आणि वरनं कोर्सच्या कर्जाचा हप्ता, तो तर ॲडमिशनच्या पुढच्याच महिन्यापासनं चालू झालेला, नोकरी लागो न लागो, कारण पैसे फायनान्स कंपनीनं क्लासला आधीच दिलेले असतात, क्लासशी भांडलात म्हणून हप्ता थांबत नाही. ही स्लिप बघून मला रात्री झोप लागली नाही, त्यात त्याची काय चूक होती सांगा.

बेळगावच्या सरांनी मात्र मागच्या बॅचच्या 14 जणांची वहीच समोर ठेवली, न लागलेली नावं पण तीत होती. 8 जण मशीनवर, 3 शेतीकडे वळलेले, एक पुढं शिकायला गेलेला, दोघांचा पत्ता नाही. आणि चाकणला जाऊन चौकशी करणं आपल्याला परवडत नाही, पण उद्यमबाग म्हणजे गाडी काढली की पोचलो. मी एका शॉपच्या गेटवर जाऊन सुपरवायझर मामांना विचारलं, तर म्हणाले, "हायत की दोन पोरं, सेकंड शिफ्टला येतील, थांब आणि बोल." थांबलो, बोललो. सुरुवातीला हातात 12,000, पण स्लिपवर कंपनीचंच नाव, आणि रात्री घरची भाकरी. माझ्या हिशेबात तर हेच जास्त पडतं.

आता हे माझ्यापुरतं झालं. ज्याला पुण्यात राहायचंच आहे, चांगल्या मशीनवर हात बसवायचाय आणि घरनं फी रोखीनं भरता येतेय त्याला पुणं वाईट म्हणणार नाही मी, सगळेच क्लास असे असतील असंही नाही. फक्त भिंतीवरचे लोगो सोडा, ऑफर लेटरपण सोडा, ते पहिल्या दिवसाचं असतं. मागच्या बॅचच्या कुणाचीतरी सहाव्या महिन्याची सॅलरी स्लिप मागा, वर कुणाचं नाव आहे ते बघा, आणि ते नाव ईपीएफओच्या वेबसाईटवर एस्टॅब्लिशमेंट सर्चमध्ये टाका. दर महिन्याला किती लोकांचा पीएफ भरलाय ते तिथं फुकटात दिसतं. नाव कॉन्ट्रॅक्टरचं निघालं तर कर्जाच्या फॉर्मवर सही करायच्या आधी घरी बसून एकदा हिशेब मांडा.