कॉफीचा चोथा: कुंडीत, कंपोस्टमध्ये की फ्रिजमध्ये?

दोघांच्या घरात रोज दोन वेळा फिल्टर कॉफी होत असेल, तर आठवड्याला साधारण अर्धा किलो ओला चोथा निघतो. तो कुठे घालावा असं कुणी विचारलं तर मी कंपोस्ट सांगते. फ्रिजमध्ये थोडा चालतो, थेट कुंडीत मात्र जपूनच.

आधी कुंडीचं बोलू, कारण बहुतेकांचा हात तिकडेच वळतो. चोथ्यात सुमारे २ टक्के नत्र असतं, पण तो कुजल्याशिवाय ते मुळांना मिळत नाही. शिवाय त्यात उरलेलं कॅफिन कोवळ्या रोपांना बाधतं. मी मेथीचे दोन ट्रे पेरले आणि एकावर बोटभर जाडीचा चोथा पसरला. साधा ट्रे आठवड्यात हिरवा झाला. चोथ्याच्या ट्रेमध्ये तुरळक कोंब आले, तेही पिवळट. वर वाळून घट्ट थर धरला होता, पाणी आत न मुरता कडेने ओघळत होतं. 'चोथ्याने माती आंबट होते, म्हणून गुलाबाला घाला' असं सांगतात, पण आम्ल बहुतेक कपात उतरलेलं असतं. घालायचाच तर मोठ्या झाडाला महिन्यातून एक-दोन चमचे, मातीत नीट मिसळून. बियांच्या ट्रेमध्ये मुळीच नको.

कंपोस्टमध्ये हाच चोथा कामाला येतो. रंगाने तपकिरी असला तरी त्याची गणना भाजीच्या देठांसारखी ओल्या कचऱ्यातच करायची. माझं माप असं: एक वाटी चोथा, तीन वाट्या स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि चार वाट्या चुरलेली सुकी पानं. एकूण ढिगात चोथा पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नये. ढेकळं हाताने फोडावीत, नाहीतर आतपर्यंत हवा जात नाही. मूठभर मिश्रण दाबलं की एखाददुसरा थेंब यावा. धार लागली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर आणखी सुकी पानं घालून ढवळावं. दोन-तीन महिन्यांत मातीसारखा वास येऊ लागला आणि चोथा वेगळा ओळखू येईना, की ते खत कुंडीत बिनधास्त घाला.

फ्रिजमध्ये वास कमी करायला तो चालतो, पण खडखडीत वाळलेलाच. कागदावर पसरून कडक उन्हात दिवसभर ठेवायचा. पावसाळ्यात कढईत मंद आचेवर परतून पूर्ण गार करायचा. बोटांतून वाळूसारखा सुटला की उघड्या वाटीत ठेवावा. ओलसर राहिला तर तीन-चार दिवसांत पांढरी-हिरवी बुरशी धरते आणि ती अन्नाशेजारी नको. वास शोषण्याची ताकदही मर्यादितच, त्यामुळे सडलेली कोथिंबीर आधी काढा. दोन आठवड्यांनी वाटी कंपोस्टमध्ये रिकामी करायची.

सिंकमध्ये चोथा कधीच ओतू नका, तेलकट पाण्याबरोबर तो पाइपात बसतो. घरात कुत्रा असेल तर डब्याला घट्ट झाकण हवंच, कारण चोथ्यातलं कॅफिन त्याला विषासारखं असतं.