स्पीड टेस्ट की iperf3: ९० चा आकडा नेमका कुठे अडतो?

प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि लॅपटॉपवर स्पीड टेस्ट दाखवते ९०. पण ही चाचणी वायफाय, राउटर, बाहेरची लाइन आणि पलीकडचा सर्व्हर एकदमच मोजते, त्यामुळे दोष कुणाचा ते कळत नाही. iperf3 हा प्रोग्राम फक्त घरातल्या दोन मशीनमधला वेग मोजतो. इंटरनेट बंद असलं तरी चालतं.

राउटरला केबलने जोडलेल्या पीसीवर पहिली ओळ चालवा, लॅपटॉपवर बाकीच्या दोन. `192.168.1.20` च्या जागी त्या पीसीचा आयपी पत्ता घाला. `-R` ने उलट दिशा मोजली जाते, म्हणजे डाउनलोडची.

```
iperf3 -s
iperf3 -c 192.168.1.20
iperf3 -c 192.168.1.20 -R
```

आधी लॅपटॉपही केबलवर घ्या. माझ्याकडे आकडा आला ९४, दर सेकंदाला अगदी तोच. गिगाबिटवर साधारण ९४० हवा. इतका स्थिर ९४ म्हणजे लिंक १०० वर जुळली आहे: गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. लिनक्सवरच्या `ethtool` कमांडमध्येही `Speed: 100Mb/s` दिसलं. राउटर ते पीसी केबल बदलली, ९४१ आला.

वायफायचा दोष असा स्थिर नसतो. तिथे आकडे ३१०, १२०, ४० असे उड्या मारतात आणि राउटरजवळ गेलं की सुधारतात. मात्र दोन्ही मशीन वायफायवर ठेवू नका. तीच हवा दोनदा वापरली जाते आणि आकडा निम्म्यावर येतो.

केबलवर ९४० येऊनही त्याच केबलवरची स्पीड टेस्ट ९० वरच असेल, तर राउटर किंवा बाहेरची लाइन. तेव्हाच तक्रार नोंदवा.