ग्राहक तक्रारीसोबतचं शपथपत्र: सगळी हकीकत लिहावी की एकेका कागदाला धरून छोटे पॅरे?

जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवाय स्वतःच तक्रार टाकणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा शपथपत्रावर अडते. तक्रार कशीबशी लिहून होते, बिलं फाइलला लागतात, आणि मग प्रश्न येतो की शपथपत्रात परत सगळं लिहायचं का. टायपिंगवाल्याकडे गेलात तर तो एका पानाचा तयार नमुना देतो, "तक्रारीतील परिच्छेद १ ते १५ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे", खाली सही, शिक्का, संपलं. ते चालत नाही असं नाही, तक्रारीची पडताळणी म्हणून ते बसतं. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३८(६) म्हणतं की तक्रार शपथपत्र आणि कागदोपत्री पुरावा यांवरच ऐकायची. म्हणजे साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करून विचारपूस वगैरे सहसा होत नाही, तुमच्या तोंडून जे यायचं ते या पानांवरूनच येणार. म्हणून एका ओळीचा नमुना बाजूला ठेवून उरलेल्या दोन पद्धतींची तुलना करूया, एक सलग हकीकतीची आणि दुसरी छोट्या नंबरवार पॅऱ्यांची जिथे प्रत्येक वाक्याला एक कागद बांधलेला असतो.

समजा फ्रिजचं प्रकरण आहे. १४ मे २०२४ ला ३१,४९० रुपयांना घेतला, एक वर्षाची वॉरंटी. ऑगस्टमध्ये थंड करणं बंद, टेक्निशियन दोनदा येऊन गेला, तिसऱ्यांदा तक्रार केल्यावर कंपनीने ईमेल केला की दोष मशीनमध्ये नाही, तुमच्याकडच्या व्होल्टेजमध्ये आहे. आता याच घटनेचा सलग हकीकतीतला पॅरा बघा, असे पॅरे खूप बघायला मिळतात:

"तक्रारदाराने अत्यंत विश्वासाने सदर फ्रिज खरेदी केला, परंतु थोड्याच दिवसांत त्यात उत्पादन दोष असल्याचे निदर्शनास आले, वारंवार तक्रारी करूनही सामनेवाले यांनी जाणीवपूर्वक टाळाटाळ केली व तक्रारदारास प्रचंड मानसिक त्रास दिला."

वाचायला जोरदार आहे, पण यात तपासता येईल असं काहीच नाही. थोड्याच दिवसांत म्हणजे कधी? वारंवार म्हणजे किती वेळा? जाणीवपूर्वक हे तुम्हाला कुठून कळलं? सामनेवाल्याच्या वकिलाला याला उत्तर देणं फार सोपं जातं, तो लिहितो "सदर मजकूर खोटा असून मान्य नाही" आणि एका ओळीत तुमचा अख्खा पॅरा गेला.

हेच दुसऱ्या पद्धतीने:

"३. मी दि. १४/०५/२०२४ रोजी सामनेवाले क्र. १ यांच्या दुकानातून फ्रिज रु. ३१,४९०/- ला विकत घेतला. बिल दस्तऐवज यादी अ.क्र. १ वर आहे.
४. दि. ०३/०८/२०२४ रोजी फ्रिज थंड करत नसल्याची तक्रार मी कस्टमर केअरला नोंदवली. तक्रार क्रमांकाचा एसएमएस अ.क्र. ३ वर आहे.
५. दि. ०६/०८/२०२४ रोजी टेक्निशियन माझ्या घरी आला. त्याच्या जॉबशीटवर 'लो कूलिंग, गॅस चार्ज केला' अशी नोंद आहे. जॉबशीट अ.क्र. ४ वर आहे.
६. दि. २९/०८/२०२४ रोजी मी तीच तक्रार पुन्हा नोंदवली. एसएमएस अ.क्र. ५ वर व दि. ०२/०९/२०२४ ची जॉबशीट अ.क्र. ६ वर आहे."

कोरडं वाटेल, वाटू दे. यातलं एकही वाक्य सामनेवाल्याला नुसतं "मान्य नाही" म्हणून उडवता येत नाही, कारण जॉबशीट त्याच्याच माणसाने लिहिलीय. आणि "वारंवार" हा शब्द न वापरताही एकाच दोषासाठी महिन्याच्या आत दुसऱ्यांदा माणूस बोलवावा लागला हे वाचणाऱ्याला आपोआप दिसतं.

उत्पादन दोष या शब्दाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे दोन्ही पद्धतींमधला खरा फरक कळतो. फ्रिजमध्ये उत्पादन दोष आहे हा निष्कर्ष आहे, तुम्ही डोळ्यांनी बघितलेली गोष्ट नाही. तुम्ही काय बघितलं? बर्फ जमत नव्हता, गॅस भरून गेल्यावर परत तेच झालं. शपथेवर एवढंच सांगा. दोष मूळचा आहे हे म्हणणं तक्रार अर्जात येऊ दे, आणि तपासणीशिवाय ते ठरणार नसेल तर कलम ३८(२)(क) खाली वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवायची सोय आहे, तसा अर्ज वेगळा करता येतो. शपथपत्रात निष्कर्ष घुसवला की पुढचा प्रश्न ठरलेला, तुम्ही रेफ्रिजरेशनचे इंजिनिअर आहात का?

आता टेक्निशियन तोंडी बोलून गेलेला असतो की "साहेब, कंप्रेसरच मूळचा खराब आहे, बदलून मागा". हे वाक्य सोडवत नाही कुणालाच, आणि सोडायलाही नको. फक्त लिहायचं असं की "दि. ०२/०९/२०२४ रोजी आलेल्या टेक्निशियनने मला सांगितले की कंप्रेसर खराब आहे. याची लेखी नोंद नाही." शेवटचं वाक्य लिहायला लोक घाबरतात. पण तुम्ही स्वतः सांगितलेली उणीव आणि समोरच्याने शोधून काढलेली उणीव यात फार अंतर असतं. या पॅऱ्याने तो तसं बोलला एवढंच तुम्ही सांगताय, तो बोलला ते खरं होतं की नाही हा मुद्दा वेगळा. आणि तो बोलला तेव्हा घरात तुम्ही नव्हता, बायकोने ऐकलं, तर हा पॅरा तुमच्या शपथपत्रात येतच नाही, तिचं दोन पॅऱ्यांचं वेगळं शपथपत्र करा.

यावरूनच आणखी एक अडचण, आपल्याकडे नेहमीची. बिल आईच्या नावावर, फोन आणि ईमेल सगळे मुलाचे. तक्रारदार आई, मग शपथपत्रात आई लिहिते "मी कस्टमर केअरला ईमेल केला", आणि ईमेल आयडी मुलाचा! सलग हकीकतीत हे लपून जातं आणि नंतर उघडं पडतं. नंबरवार पद्धतीत कागद जोडतानाच लक्षात येतं की अरे, हे आईला स्वतःला माहीत नाही. मग खरेदी, पैसे, फ्रिज बंद पडणं एवढं आईने आणि फोन-ईमेलचं मुलाने, अशी दोन छोटी शपथपत्रं. शेवटच्या पडताळणीतही फोड करून लिहा की कोणते पॅरे स्वतःच्या माहितीचे आणि कोणते कागदावरून वाचून लिहिलेले आहेत. शपथेवर खोटं लिहिणं गुन्हा आहे (भारतीय न्याय संहितेचं कलम २२९ बघा), त्यामुळे ही फोड तुमच्याच संरक्षणासाठी आहे.

कागदाला बांधायची सवय लागली की कागदांमधल्या चुकाही सापडतात. बिलावरचा सिरीयल नंबर आणि जॉबशीटवरचा सिरीयल नंबर एकदा बोट ठेवून जुळवा, टेक्निशियन घाईत एखादा आकडा इकडचा तिकडे करतो आणि मग कंपनी म्हणते ही जॉबशीट या फ्रिजची नाहीच. तसं झालं असेल तर एक पॅरा टाका, "अ.क्र. ४ वरील जॉबशीटमध्ये सिरीयल नंबरचा शेवटचा आकडा वेगळा आहे, परंतु पत्ता, मोबाइल नंबर व तक्रार क्रमांक अ.क्र. ३ प्रमाणेच आहेत." कॉल लॉगच्या स्क्रीनशॉटचंही तसंच, त्यावरून फोन लागला आणि किती मिनिटं चालला एवढंच दिसतं, काय बोलणं झालं ते नाही, तर वाक्य तेवढंच लिहा. ईमेल, एसएमएस, व्हॉट्सअॅपच्या प्रिंट लावताय तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्या. आयोग पुराव्याच्या कायद्यावर दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो हे खरं, पण हरकत घ्यायला जागा कशाला ठेवायची. आणि कागदांना स्वतःच "निशाणी" नंबर टाकू नका, निशाणी म्हणजे पुराव्यातल्या कागदाचा अधिकृत क्रमांक, तो आयोगात पडतो, आपण आपल्या यादीचा अनुक्रमांक वापरायचा.

मानसिक त्रासाचं काय? इथे कागद नसतो आणि सलग हकीकतवाले इथेच पानभर लिहितात. माझ्या मते एक ठोस गोष्ट पुरते, उदाहरणार्थ वडिलांचं इन्सुलिन महिनाभर शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवावं लागलं, प्रिस्क्रिप्शन अ.क्र. ९ वर. बाकी किती भरपाई मागायची ती रक्कम तक्रारीत.

मग सलग हकीकत कधी बरी? जिथे घटनांचा अर्थच एकमेकींवर उभा आहे, म्हणजे हॉस्पिटलच्या निष्काळजीपणाचं प्रकरण, नाहीतर बिल्डरने पाच-सहा वर्षं वेगवेगळी कारणं देत ताबा लांबवलेला, तिथे तुटक पॅऱ्यांनी धागा निसटू शकतो. तिथेही पॅऱ्यांना नंबर द्याच, फक्त पॅरे मोठे होतील. शिवाय पुढे पुराव्याचं शपथपत्र द्यायचा टप्पा येतो, तेव्हा बरेच जण "तक्रारीसोबतचे शपथपत्रच पुरावा समजावा" अशी पुरसिस, म्हणजे छोटं लेखी निवेदन, देऊन मोकळे होतात. ती पुरसिस द्यायचा विचार असेल तर सुरुवातीचं शपथपत्र एका ओळीचं ठेवून भागणार नाही, नंबरवार पूर्ण हवं. सामनेवाल्याच्या जबाबात काही नवं आलं, जसं की व्होल्टेजचा मुद्दा, तर पुरसिस न देता पुराव्याचं वेगळं शपथपत्र करून त्याला उत्तर द्या, म्हणजे त्याच मीटरवर चालणारी घरातली बाकी उपकरणं नीट चालतायत वगैरे, जे खरंच असेल ते. एक मर्यादा मात्र दोन्ही पद्धतींना आहे, तक्रार अर्जात जी घटना नाहीच ती शपथपत्रात पहिल्यांदा आणू नका, आधी तक्रार दुरुस्त करून घ्या.

साधारण दोन-तीन वर्षांत घेतलेली वस्तू, दोन सामनेवाले, दहा-बारा कागद, असं प्रकरण असेल तर मी डोळे झाकून नंबरवार सांगेन, आठ ते बारा पॅरे, दोन पानं. करायचा क्रमही उलटा ठेवा. आधी कागद तारखेप्रमाणे लावून यादी करा, मग एकेक कागद हातात घेऊन त्यातून जेवढं दिसतं तेवढंच एक-दोन वाक्यांत लिहा, आणि सगळ्यात शेवटी ज्याला कागद नाही पण सांगणं गरजेचं आहे ते दोन-तीन पॅरे. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे कंपनीने नकार दिलेल्या ईमेलची तारीख आणि नोटीस पोचल्याची पोचपावती यांना स्वतंत्र पॅरा द्या, मुदतीचा मुद्दा निघाला की तिथेच बोट ठेवता येतं.

सही घरी करून नेऊ नका, नोटरीसमोरच करायची, प्रत्येक पानावर, आणि पेनने काही खोडलं असेल तर तिथेही. शपथपत्राची तारीख तक्रारीच्या तारखेच्या आधीची पडली तर जी तक्रार अजून लिहिलीच नव्हती तिच्यावर शपथ कशी घेतली असं विचारतात, तेव्हा तक्रार फायनल प्रिंट झाल्यावरच नोटरीकडे जा.