हळदीला उशीर झालाय: मेलमध्ये आधी गप्पा की थेट मुद्दा?

समजा, वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी गटाची वायगाव हळद दोन जागी जायची आहे, जर्मनीला आणि दुबईला. मार्चमध्ये शिजवून वाळत घातलेल्या हळदीवर अवकाळी पाऊस पडला आणि माल दहा दिवस लांबला. दोघांनाही मेल करायचाय. आपल्याकडे माणूस भेटला की आधी पाणीपावसाचं विचारायचं, मग कामाचं. मेलमध्येही हात तसाच वळतो.

जर्मन खरेदीदाराला पहिल्याच ओळीत नवी तारीख द्या. ‘आमची हळद सध्या ऊन खात पडली आहे’ असा विनोद इथे नकोच. त्यांना विनोद कळत नाही, हे खोटं. पण उशिराच्या बातमीशेजारी गंमत आली की आपण उशीर हलक्यात घेतोय, असं वाचलं जातं. पाऊस सांगायचा तो कारण म्हणून: ‘पावसामुळे वाळवण थांबली. ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय माल भरणार नाही.’ संबोधन आडनावाने, पदवी असेल तर तिच्यासह. पहिल्या नावावर त्यांनी स्वतः येईपर्यंत थांबा. गप्पांची हौस शेवटी, शुक्रवारी ‘सुट्टी छान जावो’ एवढ्यावर भागवा.

दुबईतला खरेदीदार बहुतेकदा उलटा. तिथे खुशालीच्या दोन ओळींशिवाय तारखेवर आलात तर मेल कोरडा वाटतो. ‘आपण आणि घरची मंडळी बरी असाल’ इतपत पुरे; पत्नीची वेगळी चौकशी मात्र टाळा. उन्हाची थट्टा इथे खपते, कारण ते दोघांचंही दुखणं आहे: ‘यंदा आमचा वर्धा तुमच्या दुबईशी पैज लावतोय.’ पण ही ओळ साध्या मेलसाठी राखा. उशिराच्या मेलमध्ये खुशाली ठेवा, थट्टा काढा. सणवार, कपडे, राजकारण यांवर तर कधीच गंमत नको.

सुट्टीच्या शुभेच्छांतही एक खोच आहे. अमिरातीत २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम. शेजारच्या सौदीत मात्र सुट्टी शुक्रवार-शनिवार. तिथे ‘रविवार मजेत घालवा’ लिहिलंत तर ते कामाच्या दिवशी वाचलं जाईल.

आणि दुबईच्या पत्त्यावर केरळचा मॅनेजरही बसलेला असतो, जर्मनीच्या पत्त्यावर तुर्की वंशाचा. म्हणून देशाचा अंदाज पहिल्या मेलपुरताच. पुढे उत्तर बघा. तुमच्या पावसाच्या ओळीवर त्याने आपल्याकडच्या थंडीचं काही लिहिलं तर पुढच्या वेळी आणखी एक ओळ चालेल. ती ओलांडून तो सरळ मालावर आला, तर तुम्हीही सरळ मालावर या. विनोदाला दोन मेल काहीच प्रतिसाद नसेल, तर तिसरा करू नका, आणि ‘गंमत केली हो’ असं समजावत तर मुळीच बसू नका.