पासबुक छापून घ्यायचं की ऑनलाइन स्टेटमेंट काढायचं?

आईच्या पेन्शन खात्याचं पासबुक मी मागच्या महिन्यात मशीनमध्ये टाकलं, चार-पाच ओळी छापल्या गेल्या, मग कागद अडकला. बाहेर काढून परत टाकलं तर मशीन पुढच्या एंट्र्या छापायला लागलं. घरी येऊन बघते तर एका ओळीला बॅलन्स १८,४००, खालच्या ओळीत २५० रुपये डेबिट आणि बॅलन्स एकदम १६,९००! १८,४०० मधून २५० गेले तर १८,१५० राहायला हवेत ना, मग मधले १,२५० गेले कुठे?

पैसे कुठेच गेले नव्हते. ऑनलाइन स्टेटमेंट काढलं तर त्यात मधल्या तीन एंट्र्या नीट दिसल्या, ५००, ४५० आणि ३००. होतं काय, की कुठपर्यंत छापलं याची खूण बँकेच्या सिस्टीममध्ये असते आणि मशीन तिथून पुढे छापतं. कागद अडकला, रिबन फिकी पडली, पान वाकडं गेलं, तरी सिस्टीमच्या मते त्या ओळी छापून झालेल्या असतात, म्हणून कितीही वेळा पासबुक टाकलं तरी त्या परत येत नाहीत. काउंटरवर पासबुक दाखवून "या तारखेपासून परत छापून द्या" म्हणायचं, ती खूण मागे घेता येते.

दुसरं कारण वेगळं आहे. वर्षभर पासबुक भरलंच नाही तर काही बँकांत जुन्या एंट्र्या एकत्र करून एकूण जमा-एकूण नावे अशी एकच ओळ येते. ती नंतर फोडून मिळेलच असं नाही, तिथे स्टेटमेंटच मागावं लागतं. आणि यूपीआय लाइटचे चहा-भाजीचे छोटे खर्च तर दोन्हीकडे शोधू नका, खात्यातून लाइटमध्ये पैसे टाकल्याची तेवढी एंट्री दिसते, पुढचा हिशोब ॲपमध्ये.

स्टेटमेंटचा मोठा फायदा म्हणजे तपशील. पासबुकात रकाना अरुंद, त्यामुळे यूपीआयचं नाव बऱ्याचदा अर्धंच येतं, पण पैसे अडकल्याची तक्रार करायची तर १२ आकडी रेफरन्स नंबर पूर्ण लागतो, तो स्टेटमेंटमध्ये मिळतो. शिवाय हव्या त्या तारखा टाकून पीडीएफ काढता येते, ओळ गाळली जायची भीती नाही.

तरी आईचं पासबुक मी बंद करणार नाही. तिला मोबाईलवर पासवर्ड टाकून पीडीएफ उघडणं जमत नाही, पेन्शन आली का हे ती पानावर बोट ठेवून बघते. म्हणून तिचं पासबुक दर महिन्याला पेन्शन जमा झाली की भरते, मशीनसमोरच शेवटच्या ओळींची बेरीज-वजाबाकी करून बघते. माझ्या स्वतःच्या खात्यात दिवसाला पाच-सहा यूपीआय होतात, तिथे मात्र फक्त स्टेटमेंट, दर तीन महिन्यांनी काढून ठेवते.