शटर माझं, किल्ली माझी, पण गूगलवरचं दुकान त्याच्या नावावर

सांगलीत माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पाण्यातली मोटर जळली की तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसकडून शेतकरी गाडीत घालून घेऊन येतात, आणि उन्हाळ्यात तर रात्री दहापर्यंत शटर उघडं असतं. गूगलवर दुकान वर आणून देतो म्हणून एकानं मला फसवलं, ते सविस्तर लिहितोय कारण हाच माणूस आमच्या भागात अजून दुकानं फिरतोय, आणि परवाच कळलं की आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या ताईंनाही त्यानं गाठलंय.

2023 च्या जानेवारीत एक पोरगा आला, टापटीप, गळ्यात ओळखपत्र, पहिलं वाक्यच असं की काका, आम्ही गूगलकडनं आलोय. त्यानं माझ्यासमोर मोबाईलवर मोटर रिवायंडिंग टाकून दाखवलं आणि म्हणाला बघा तुमच्यापुढं कोण कोण दिसतंय, तुम्ही कुठंच नाही. आमच्याकडं द्या, तीन महिन्यांत पहिल्या नंबरला आणतो, लिहून देतो. सुरुवातीला साडेतीन हजार आणि नंतर महिना दीड हजार. तेव्हा माझ्याकडं नवीन फोन कमी झाले होते हे खरं आहे, पोरंही म्हणत होती आजकाल सगळे मॅपवरच शोधतात. दिले पैसे. महिन्याच्या पैशाला त्यानं यूपीआयवर ऑटोपे लावून घेतला, मीच पिन टाकला.

आता इथं नीट लक्ष द्या, सगळी गोम इथंच आहे. त्यानं स्वतःच्या मोबाईलवर दुकानाचा व्हिडिओ काढला. मला म्हणाला काका, शटर बंद करा आणि किल्ली लावून परत उघडा, बोर्ड दाखवा, शेजारची दुकानं दाखवा, आतलं वायंडिंग मशीन दाखवा. मला वाटलं जाहिरातीचा व्हिडिओ आहे. ती जाहिरात नव्हती, ते गूगलचं व्हेरिफिकेशन होतं. दुकान खरंच तिथं आहे आणि व्हिडिओ काढणाऱ्याच्या ताब्यात आहे याचा पुरावा म्हणून गूगल तसला व्हिडिओ मागतं. शटर माझं, किल्ली माझी, वडिलांचा हार घातलेला फोटो माझा, पण ईमेल आयडी त्याचा. त्या दिवसापासून गूगलच्या दृष्टीनं माझ्या दुकानाचा मालक तो झाला, आणि मला हे चौदा महिने कळलं नाही.

दर महिन्याला एक पीडीएफ यायची व्हॉट्सॲपवर, इतक्या लोकांनी बघितलं, इतक्यांनी फोन केला, इतक्यांनी रस्ता विचारला. हे आकडे गूगल फुकटच दाखवतं मालकाला, नुसतं कॉपी करून पाठवायचं काम होतं ते. आणि अधेमधे दुकानात येऊन सर्च करून दाखवायचा, बघा काका पहिला नंबर. दुकानातच उभा राहून सर्च केल्यावर आपलं दुकान वर येणारच की! गूगल तीन गोष्टी बघतं, शोधलेल्या शब्दाशी दुकान किती जुळतं, शोधणाऱ्यापासून किती लांब आहे आणि दुकान किती नावाजलेलं आहे. माझ्या काऊंटरवरनं माझं अंतर शून्य. मी पुढं एकदा तासगावच्या मेहुण्याला फोन करून तिथनं शोधायला लावलं तर पहिल्या पाचात पण नव्हतो. आणि पैसे देऊन वरचा नंबर मिळत नाही हे गूगलनं स्वतःच त्यांच्या मदतीच्या पानावर लिहिलंय. जाहिरातीची जागा विकत मिळते, पण तिथं तसं लिहिलेलं असतं, ते वेगळं.

तरी मी वर्षभर गप्प पैसे भरत होतो. ऑटोपे कापायच्या आधी मेसेज येतो तो मी कधी वाचलाच नाही.

2024 च्या फेब्रुवारीत मुलानं हिशेब केला, तेरा महिन्यांचे साडेएकोणीस हजार आणि सुरुवातीचे साडेतीन, म्हणजे तेवीस हजार. आणि त्या बदल्यात वर्षात काम काय, तर पाच-सहा फोटो आणि दुकानाच्या नावापुढं "बेस्ट मोटर रिवायंडिंग सांगली मिरज" असं शेपूट जोडलेलं. हे शेपूट पण नियमाविरुद्ध आहे, बोर्डावर जे नाव आहे तेच टाकायला लागतं, नाहीतर लिस्टिंग बंद पडू शकतं. मुलानं यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द केला. दोन मिनिटांचं काम. त्या पोराला मेसेज केला की आता पुढं नको. त्याचं उत्तर आलं, ओके काका.

मार्च उजाडला, ऊन तापलं, आणि फोन थांबले. ऐन सीझनमध्ये रोज चार-पाच नवीन माणसं फोन करायची तिथं आठवड्यात एक नाही. मला वाटलं यंदा लाईट कमी वेळ असते म्हणून मोटरी कमी जळत असतील. मनाची समजूत घालत होतो नुसती.

मग एक दिवस कवठेमहांकाळचे एक बागायतदार आले, दरवर्षी येणारे. गाडीतनं उतरल्या उतरल्या तापलेले. म्हणाले, "मिस्त्री, दुकान कुपवाडला न्हेलं म्हणून सांगायचं आणि तिथं बसवायचं नवीनच माणूस, ही काय रीत झाली? पंधरा दिवसांत मोटर परत जळली माझी, द्राक्षाला पाणी न्हाई." मी म्हटलं दुकान कुठं हलवलंय, इथंच तर आहे. त्यांनी मोबाईल काढून दाखवला. माझ्या दुकानाचा बोर्ड, काऊंटर, वर वडिलांचा फोटो, सगळं माझं, आणि खाली फोन नंबर दुसऱ्याच कुणाचा. त्यावर फोन केला की समोरचा म्हणायचा हो आपलंच दुकान, आता शिफ्ट झालोय, मोटर इकडं घेऊन या. माझी गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानाला विकत होता तो पोरगा. त्यांच्या मोटरला तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमची तार भरली होती, मी उघडून त्यांना दाखवली, आणि नाव खराब झालं माझं.

त्या पोराला फोन केला तर म्हणाला प्रोफाईल आमची प्रॉपर्टी आहे, पाहिजे असेल तर पंधरा हजार द्या, ट्रान्सफर करून देतो. हे खोटं आहे. दुसऱ्याचं लिस्टिंग सांभाळणाऱ्यानं मालकानं मागितल्यावर ताबा दिलाच पाहिजे असा गूगलचाच नियम आहे. मी दिले नाहीत पंधरा हजार.

आधी मुलानं मॅपवर "Suggest an edit" मध्ये जाऊन नंबर बदलून दिला. एक दिवस बरोबर झाला, दुसऱ्या दिवशी त्यानं परत फिरवला, कारण मालक म्हणून त्याचं चालतं. मग मुलगा म्हणाला सरळ नवीन लिस्टिंग काढू. ते आम्ही केलं नाही ते बरं झालं, एकाच पत्त्यावर त्याच दुकानाची दोन लिस्टिंग झाली की गूगल डुप्लिकेट धरतं, आणि वर्षभरात खऱ्या गिऱ्हाईकांनी लिहिलेले रिव्ह्यू जुन्यावरच अडकून पडले असते.

खरा मार्ग असा निघाला. मुलानं माझ्या ईमेलनं लॉगिन करून मॅपवर आपलं दुकान उघडलं, तिथं "Claim this business" येतं. ते दाबल्यावर दिसलं की हे दुसऱ्या ईमेलकडं आहे, ईमेलची पहिली दोन-तीन अक्षरं दाखवतात बाकी चांदण्या. खाली "Request access". फॉर्म भरला की आधीच्या मालकाला मेल जातो आणि त्याला उत्तराला तीन दिवस असतात. तो गप्प बसला तर पुढं स्वतः व्हेरिफिकेशन करायची वाट उघडू शकते. हा गप्प नाही बसला, दुसऱ्याच दिवशी नकार दिला. नकाराचा मेल आला की बरेच जण तिथंच हात टेकतात, पण त्याच्याविरुद्ध अपील करता येतं. आम्ही शॉप ॲक्टचं लायसन, उद्यमचं सर्टिफिकेट, दुकानाचं लाईट बिल आणि बोर्डाचा फोटो जोडला. बोर्डावरचं नाव आणि कागदावरचं नाव अक्षर न अक्षर जुळायला पाहिजे, आमच्या लाईट बिलावर वडिलांचं नाव होतं म्हणून एकदा परत आलं, मग शॉप ॲक्टवर भर दिला.

त्यानंतर परत तोच व्हिडिओ, या वेळी मुलाच्या मोबाईलवर, माझ्या ईमेलनं. रस्त्यापासून सुरुवात, शेजारचं टायरचं दुकान, आमचा बोर्ड, मग किल्ली लावून शटर वर, आत मशीन. मध्ये न थांबता एका दमात काढायचा असतो. किल्ली फिरवताना माझा हात थरथरत होता, मुलगा म्हणाला पप्पा सावकाश.

ताबा मिळाल्यावर पण सात दिवस थांबावं लागलं, नवीन मालकाला लगेच दुसऱ्याला काढता येत नाही. त्या सात दिवसांत रोज सकाळी उठून आधी नंबर बघायचो. आठव्या दिवशी "People and access" मध्ये जाऊन त्याला काढला. हे सगळं होईपर्यंत मे संपत आला, सीझन गेला तो गेलाच. सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन केला, पोलिसांत अर्ज दिला, पावत्या आणि ते पंधरा हजार मागणारे मेसेज जोडलेत, पैसे अजून मिळालेले नाहीत.

मी सगळ्यांनाच चोर म्हणत नाही. आता एक कॉलेजची मुलगी महिना पाचशे घेऊन फोटो टाकते, रिव्ह्यूला उत्तरं देते, चांगलं करते. पण प्रोफाईल माझ्या ईमेलवर आहे, "Primary owner" मी, आणि तिला "Manager" म्हणून घेतलंय. मॅनेजरला फोटो, वेळ, नंबर बदलता येतो पण मालकाला काढता येत नाही, आणि नको असेल त्या दिवशी मी तिला काढू शकतो. तुमचं कुणाकडं चालू असेल तर आज स्वतःच्या ईमेलनं लॉगिन करून "People and access" हेच एक पान उघडा. तो म्हणाला तुम्हाला मेल करतो, स्क्रीनशॉट पाठवतो, तर ऐकू नका, तुमच्या हातातल्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. आणि भांडण काढायच्या आधी, पैसे थांबवायच्याही आधी ताबा मागा. मी उलटं केलं, आधी ऑटोपे बंद केला.

मेसवाल्या ताईंचं काल रात्री बघितलं. डबे भरायचं थांबवून त्यांनी मोबाईल दिला, म्हणाल्या दादा मला नाही समजत यातलं, तो दर महिन्याला हजार नेतो. त्यांच्या ईमेलनं उघडलं तर प्रोफाईल दिसलीच नाही, मॅनेजर म्हणूनसुद्धा नाव नाही. पैसे चालूच ठेवायला सांगितलेत सध्या. रिक्वेस्ट टाकलीय, परवा रात्री तीन दिवस पूर्ण होतील.